फ्रँकचा रुपयातला दर: डॉलर कुणाकडून कुणाकडे गेले, ते बघा

प्रश्न: अंधेरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मशीनचे सुटे भाग स्वित्झर्लंडहून येतात आणि बिल स्विस फ्रँकमध्ये असतं. या वेळचं बिल ६२,४०० फ्रँकचं आहे. स्क्रीनवर डॉलर-रुपया ८५.४०/८५.४२ आणि डॉलर-फ्रँक ०.८१२०/०.८१२४ दिसत होता, फ्रँक-रुपया कुठेच नव्हता. आम्हाला फ्रँक विकत घ्यायचे आहेत म्हणून दोन्हीकडचे मोठे आकडे धरले, ८५.४२ भागिले ०.८१२४, तर १०५.१४५२ आले. बँक मात्र १०५.९५ सांगते. आमचं गणित चुकतंय की बँक जास्त लावतेय?

उत्तर: दोन्ही. तुमचं गणित पाच पैशांनी चुकलंय आणि बँकेने पाऊण रुपया लावलाय. आधी तुमचे पाच पैसे बघू, कारण स्वतःचा आकडा पक्का नसेल तर बँकेशी बोलताना पहिल्याच वाक्यात पकडले जाल.

माझी नोकरीची सगळी वर्षं फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या डीलिंग रूममध्ये गेली. नवा होतो तेव्हा एका निर्यातदाराला फ्रँकचा दर सांगताना मीही तुमच्यासारखंच केलं होतं. त्याचे फ्रँक आम्ही घेणार होतो, म्हणून दोन्हीकडचे लहान आकडे धरले. सौदा झाला, आणि तो बाजारात भरून काढायला गेलो तेव्हा लक्षात आलं की मार्जिन म्हणून जे ठेवलं होतं त्यातलं निम्मं गेलेलं आहे. आमचे चीफ डीलर रागावले नाहीत. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, "डॉलर कुणाकडून कुणाकडे गेले?" मला सांगता येईना. "मग भागाकार कशाचा करतोस?"

तेव्हापासून मी सूत्र पाठ ठेवलं नाही, डॉलरचा रस्ता बघायला लागलो. तुमच्या बाबतीत तो असा आहे.

तुमच्याकडे रुपये आहेत. रुपये देऊन थेट फ्रँक मिळत नाहीत, म्हणून आधी डॉलर घ्यायचे. डॉलर-रुपया ८५.४०/८५.४२ याचा अर्थ, बाजार डॉलर ८५.४० ला घेतो आणि ८५.४२ ला विकतो. तुम्ही घेणारे, म्हणून ८५.४२. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

आता हातात डॉलर आले. ते देऊन फ्रँक घ्यायचे. म्हणजे या टप्प्यावर तुम्ही डॉलर विकताय. तुमच्या डोक्यात "आपण फ्रँक घेतोय" एवढंच होतं, म्हणून मोठ्या आकड्याकडे हात गेला. पण ०.८१२०/०.८१२४ हा भाव डॉलरचा आहे, फ्रँकमध्ये सांगितलेला. बाजार डॉलर घेताना ०.८१२० फ्रँक देतो आणि डॉलर विकताना ०.८१२४ फ्रँक मागतो. तुम्ही डॉलर देणारे, म्हणून तुम्हाला प्रत्येक डॉलरला ०.८१२० फ्रँकच मिळणार.

एका डॉलरला ८५.४२ रुपये दिले, त्याचे ०.८१२० फ्रँक मिळाले. म्हणजे एका फ्रँकला पडले ८५.४२ भागिले ०.८१२०, म्हणजेच १०५.१९७०.

पूर्ण बिलावर ताळा करून बघा. ६२,४०० फ्रँक हवेत, तर ६२,४०० भागिले ०.८१२० म्हणजे ७६,८४७.२९ डॉलर लागतील. त्याला ८५.४२ ने गुणलं की सुमारे ६५,६४,२९५ रुपये. उलट १०५.१९७० ने थेट ६२,४०० ला गुणलं तर ६५,६४,२९३ येतात. हे दोन-तीन रुपये चार दशांशांवर तोडल्याचे आहेत, त्यांच्यामागे लागू नका. येनसारख्या चलनात मात्र तोडणं महागात पडतं. एका येनला समजा ०.५८४३ रुपये पडत असतील आणि तुम्ही ०.५८ धरलेत, तर तिथेच पाऊण टक्क्याच्या आसपास गेलात. आपल्याकडे येनचा भाव १०० येनला सांगतात, त्यामुळे तिथे निदान आकडे पुरेसे दिसतात.

तुमच्या १०५.१४५२ च्या आणि खऱ्या १०५.१९७० च्या दरम्यान पाच पैशांहून थोडा जास्त फरक आहे. ६२,४०० फ्रँकवर तो ३,२३२ रुपये होतो. हे पैसे बँकेने घेतलेले नाहीत. ते बाजारात दोनदा जाण्याचं भाडं आहे, आणि ते कोणालाही पडतं.

निर्यातदाराचा रस्ता उलटा असतो. त्याच्याकडे फ्रँक आहेत. ते देऊन तो डॉलर घेणार, म्हणजे डॉलरला ०.८१२४ फ्रँक मोजणार, आणि मग तो डॉलर रुपयांना विकणार ८५.४० ला. ८५.४० भागिले ०.८१२४ म्हणजे १०५.१२०६. म्हणून फ्रँक-रुपयाचा दुहेरी भाव झाला १०५.१२०६/१०५.१९७०.

एक्सेलमध्ये ठेवायचं असेल तर B मध्ये घेण्याचा आणि C मध्ये विकण्याचा भाव लिहा, दुसऱ्या ओळीत USD/INR, तिसऱ्या ओळीत USD/CHF:

```
=B2/C3
=C2/B3
```

पहिलं उत्तर निर्यातदाराचं, दुसरं तुमचं.

आपण बरोबर आडवं-तिरकं भागलं की नाही, हे ओळखायला एक साधी खूण आहे. चार आकड्यांचे चार भागाकार होऊ शकतात. तुमच्या भावात ते १०५.१२०६, १०५.१४५२, १०५.१७२४ आणि १०५.१९७० असे येतात. फ्रँक घेणाऱ्याच्या वाट्याला यातला सगळ्यात मोठा येतो आणि देणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात लहान. मधले दोन कोणालाच मिळत नाहीत. तुमचं उत्तर मधलं होतं, तिथेच शंका यायला हवी होती. दोन्ही टप्प्यांवर आपण बाजाराकडे जातो, बाजार आपल्याकडे येत नाही, त्यामुळे दोन्ही टप्प्यांवर आपल्यालाच सोसावं लागतं.

आणखी एक ताळा. डॉलर-रुपयातला २ पैशांचा फरक म्हणजे साधारण ०.०२३ टक्के. डॉलर-फ्रँकमधला ४ पॉइंटांचा, म्हणजे ०.०००४ चा फरक म्हणजे ०.०४९ टक्के. दोन्हींची बेरीज ०.०७२ टक्के, आणि १०५ वर त्याचे साडेसात पैसे होतात. आपल्या दुहेरी भावातला फरकही ७.६ पैसे आहे. तुमच्या उत्तरात दोन्ही बाजूंतला फरक बेरजेइतका न येता त्याहून कमी आला, तर कुठेतरी एका टप्प्यावर बाजू उलटी धरली गेली आहे असं समजा.

"एक मोठा आणि एक लहान" असं मात्र पाठ करू नका. उद्या जर्मनीचं बिल आलं की फसाल. युरो आणि पौंड यांचा भाव उलट्या अंगाने सांगतात. तिथे डॉलरला किती युरो असं नसतं, एका युरोला किती डॉलर असं असतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या डॉलरचंही तसंच. समजा EUR/USD १.१३५०/१.१३५२ आहे. आता हा भाव युरोचा झाला. तुम्ही युरो घेणारे, म्हणून एका युरोला १.१३५२ डॉलर मोजणार, आणि तेवढे डॉलर ८५.४२ ने आणणार. म्हणजे गुणाकार करायचा, आणि दोन्ही आकडे मोठे धरायचे: ९६.९६८८. रस्ता तोच आहे, रुपयांतून डॉलर आणि डॉलरमधून युरो. फक्त पाटी कुणाच्या नावाची आहे ते बदललं. म्हणून जोडीत पहिलं नाव कुणाचं ते आधी वाचा. भाव त्याचा असतो.

गुणायचं की भागायचं इथेच गोंधळ झाला, तर उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की ते लगेच ओरडून सांगतं. फ्रँकच्या वेळी एका डॉलरला एकाहून कमी फ्रँक मिळत होते, म्हणजे फ्रँक डॉलरहून महाग. मग त्याचा रुपयातला भाव ८५ च्या वर असलाच पाहिजे. चुकून गुणलं असतं तर ६९ आले असते. ही चूक कोणी बाहेर नेत नाही. बाजू चुकण्याची चूक मात्र पाच पैशांची असते, दिसत नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षं टिकते.

आता बँकेचे १०५.९५.

खऱ्या १०५.१९७० पासून ते ७५ पैसे वर आहेत. तुमच्या बिलावर ४६,९८७ रुपये. बहुधा तुम्हाला सकाळी लावलेल्या कार्ड रेटमधला, म्हणजे बँकेच्या त्या दिवसाच्या छापील दरपत्रकातला, टीटी सेलिंगचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा दर सांगितला असणार. शाखेतल्या माणसाला दोष देऊ नका, त्याच्यासमोर तेवढाच कागद असतो. पण एवढ्या रकमेला कार्ड रेटवर समाधान मानू नका. ट्रेझरीतून, म्हणजे बँकेच्या डीलिंग रूममधून चालू भाव मागवून द्या असं म्हणा, आणि तो येईल तेव्हा तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: डॉलर-रुपया काय धरला, डॉलर-फ्रँक काय धरला, आणि मार्जिन किती पैसे.

तिन्ही वेगळं का, ते सांगतो. मार्जिन दोन ठिकाणी लपू शकतं. समजा बँक म्हणाली, "आम्ही डॉलरवर फक्त २५ पैसे घेतले आणि फ्रँकच्या भावात थोडं, ३४ पॉइंट." ऐकायला ३४ पॉइंट म्हणजे ०.००३४, काहीच नाही. पण मांडून बघा. डॉलर ८५.६७ झाला आणि डॉलर-फ्रँक ०.८०८६. भागाकार १०५.९५. म्हणजे पूर्ण ७५ पैसे यातूनच आले. त्यातले डॉलरवरच्या २५ पैशांचे फ्रँकमध्ये ३१ पैसे झाले, कारण एका फ्रँकला एकाहून जास्त डॉलर लागतो. आणि त्या "थोड्या" ३४ पॉइंटांचे झाले ४४ पैसे. या भावाला डॉलर-फ्रँकमधला एक पॉइंट म्हणजे फ्रँक-रुपयात सुमारे १.३ पैसे. हा एक आकडा लक्षात ठेवलात तर फोनवर बोलता बोलता हिशोब होतो. भाव बराच हलला की तो नव्याने काढायचा: डॉलरचा रुपयातला भाव, भागिले डॉलर-फ्रँकच्या भावाचा वर्ग, भागिले दहा हजार.

माझा अनुभव असा की आयातदार डॉलर-रुपयावर तासभर घासाघीस करतात, कारण तो भाव त्यांना रोज पेपरात दिसतो, आणि दुसऱ्या टप्प्याबद्दल विचारतच नाहीत. बँकेलाही ते माहीत असतं. म्हणून मी तर सरळ सांगतो, दोन्ही टप्पे आंतरबँक भावावर धरा आणि मार्जिन एकदाच, फ्रँक-रुपयाच्या शेवटच्या आकड्यावर, पैशांत सांगा. तसं ठरलं की दर वेळी पडताळणी दोन मिनिटांची होते.

पडताळणी करताना एक पथ्य पाळा. दोन्ही भाव एकाच क्षणाचे घ्या. रुपयाचा सकाळचा आणि फ्रँकचा दुपारचा असं जोडून कुठल्याही बँकेवर आरोप करता येतो. विशेषतः दुपारनंतर, कारण तेव्हा युरोप जागा झालेला असतो आणि फ्रँक खऱ्या अर्थाने हलायला लागतो. १५ जानेवारी २०१५ चा दिवस डीलिंग रूममधलं कोणी विसरणार नाही. त्या सकाळी रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो दर पाव टक्क्याने कमी करून ७.७५ वर आणला, आणि सगळ्यांच्या नजरा रुपयावर. दुपारी आपल्या तीनच्या सुमाराला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची जी मर्यादा धरून ठेवली होती ती सोडून दिली. डॉलर-फ्रँक १.०२ च्या आसपास होता, तो काही मिनिटांत ०.९० च्याही खाली गेला. डॉलर-रुपया जागच्या जागी, ६२ च्या जवळपास. म्हणजे ज्याने फक्त रुपया बघितला त्याला वाटलं आज शांत आहे, आणि फ्रँक तेवढ्यात ६१ रुपयांवरून ६९ च्याही वर गेलेला. रुपया आणि फ्रँक यांच्यात काहीही घडलेलं नव्हतं. घडलं होतं ते डॉलरच्या पलीकडच्या बाजूला. अशा वेळी डॉलर-फ्रँकच्या दोन आकड्यांतलं अंतरही अवाच्या सवा वाढतं, आणि वरच्या बेरजेप्रमाणे ते जसंच्या तसं तुमच्या फ्रँक-रुपयात उतरतं.

क्षणाइतकीच तारीखही एक हवी. स्क्रीनवरचे दोन्ही भाव स्पॉटचे असतात, म्हणजे पैसे दुसऱ्या कामाच्या दिवशी. पण कामाचा दिवस कुणाचा? २५ ऑगस्ट २०२५ ला सोमवार होता. डॉलर-फ्रँकचा स्पॉट बुधवारी, २७ ला. त्या बुधवारी मुंबईत गणेश चतुर्थी, बँका बंद, त्यामुळे डॉलर-रुपयाचा स्पॉट गुरुवारी २८ ला. दोन आकडे दोन वेगळ्या दिवसांचे झाले. बँकेला फ्रँकचा टप्पा एक दिवस पुढे न्यावा लागतो आणि त्या एका दिवसाच्या व्याजाचा फरक भावात येतो. तुमच्या भावाला तो एक-सव्वा पैसा असेल. भांडण्यासारखा नाही, पण हिशोब जुळत नाही म्हणून डोकंही खाजवायला नको.

हाच व्याजाचा फरक लांबच्या तारखेला मोठा होतो. पुढचं बिल तीन महिन्यांनी द्यायचं असेल आणि आजच भाव बांधायचा असेल, तर भागाकार स्पॉटचा करून त्यावर अंदाजाने काही चढवू नका. दोन्ही टप्पे आधी तीन महिन्यांनंतरच्या तारखेला न्या आणि मग भागा. समजा डॉलर-रुपयाचा तीन महिन्यांचा प्रीमियम, म्हणजे स्पॉटवर चढणारी रक्कम, विकण्याच्या बाजूला ४६ पैसे आहे, तर डॉलर ८५.८८. डॉलर-फ्रँकमध्ये मात्र डॉलर पुढे स्वस्त होतो, कारण फ्रँकवरचं व्याज डॉलरपेक्षा कमी. समजा घेण्याच्या बाजूला ८२ पॉइंट वजा, म्हणजे ०.८०३८. आता ८५.८८ भागिले ०.८०३८ म्हणजे १०६.८४२५.

स्पॉटपेक्षा हा दर १ रुपया ६५ पैशांनी जास्त झाला. नुसता डॉलर-रुपयाचा ४६ पैशांचा प्रीमियम माहीत असलेल्या माणसाला हे बँकेचं मार्जिन वाटतं, आणि तो भांडायला जातो. पण यात मार्जिनचा एक पैसाही नाही. रुपयाचं व्याज डॉलरपेक्षा जास्त, डॉलरचं फ्रँकपेक्षा जास्त. दोन्ही फरक एकाच दिशेने जातात, म्हणून फ्रँकमध्ये त्यांची बेरीज लागते. मार्जिन १०६.८४ च्या वर जे असेल ते. बँकेने तीन महिन्यांचा भाव १०७.१० सांगितला तर तुमचं भांडण २६ पैशांचं आहे, १ रुपया ९० पैशांचं नाही.

या वेळच्या बिलासाठी उद्या सकाळी नको, दुपारी दोनच्या पुढे फोन लावा. युरोप उघडलेला असतो, डॉलर-फ्रँकचे दोन आकडे जवळ आलेले असतात. समोर दोन्ही भाव उघडे ठेवा, ट्रेझरीचा माणूस बोलायला लागला की त्याच क्षणीचे चार आकडे कागदावर उतरवा, आणि तो दर सांगेल तेव्हा त्याला आधी डॉलर-फ्रँक काय धरला ते विचारा.